रात्री हात बधिर होऊन जाग येते : दोष मनगटाचा की मानेचा?

सुईदोरा : माझे वय ४७ असून मी शिवणकाम करते. गेले चार महिने रात्री दोन-तीनच्या सुमारास उजवा हात बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की दहा मिनिटांत बरे वाटते. मानेच्या एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यांमधील गादी किंचित सरकलेली दिसल्यामुळे ट्रॅक्शन सुचवले आहे, मात्र मान फारशी दुखत नाही. ट्रॅक्शन घ्यावे की मनगटाचा पट्टा?

उंबरठा : एमआरआयमध्ये दिसले म्हणजे कारण सापडलेच. तिथून निघणारी नस अंगठ्यापर्यंत जाते. उशी बदलून ट्रॅक्शन सुरू करावे.

नाडीपरीक्षक : नसेचा मार्ग उंबरठा यांनी बरोबर सांगितला आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. चाळिशीनंतर काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही अशी गादी दिसते. झोपेत मनगट दुमडले जाते, नस जिथून हातात जाते त्या मनगटाच्या अरुंद बोगद्यातील दाब वाढतो आणि म्हणूनच हात झटकल्यावर आराम पडतो; मानेच्या नसेचे दुखणे सहसा खांद्याच्या पात्यापासून खाली उतरते आणि मान मागे नेऊन त्या बाजूला वळवली की वाढते. सुईदोरा, आपण अनामिकेच्या दोन्ही कडा कापसाने स्पर्शून पाहाव्यात. मधल्या बोटाकडची कड बधिर आणि करंगळीकडची शाबूत असेल, तर संशय मनगटावर जातो, कारण मानेतील नस बोटाची अशी उभी वाटणी सहसा करत नाही. मनगटाच्या त्रासात तळव्याचा अंगठ्याखालचा उंचवटाही बहुधा बधिर होत नाही, कारण त्या त्वचेची शाखा बोगद्याबाहेरून जाते.

पाऊलवाट : माझी करंगळी बधिर होते, म्हणजे मलाही मनगटाचा पट्टा लागेल ना?

नाडीपरीक्षक : नाही, करंगळीची नस त्या बोगद्यातून जातच नाही. कोपर दुमडून झोपता का, ते आधी पाहा.

सुईदोरा : कापसाने पाहिले. अनामिकेची अर्धीच बाजू बधिर आहे, परंतु वर पाहिले की उजव्या दंडातून एक कळही जाते. शिवाय अंगठ्याच्या बुडाचा स्नायू डाव्यापेक्षा चपटा वाटतो.

नाडीपरीक्षक : दंडातील कळ मानेकडे बोट दाखवते, त्यामुळे दोन्ही ठिकाणी दाब असणे शक्य आहे. स्नायू खरोखर झिजला असेल, तर केवळ पट्ट्यावर महिने घालवू नयेत. नसांची वहनचाचणी करून हाताच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे. बोटांचे संवेदी वहन मनगटाशी मंदावले असेल, तर दोष तिथे आहे. मानेत नस दाबली गेली, तरी हे वहन बहुधा ठीकच येते. तोपर्यंत मनगट सरळ ठेवणारा पट्टा फक्त रात्री बांधावा. गुंड्या लावताना दोन्ही हात अडखळू लागले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मात्र चाचणीची वाट न पाहता तातडीने दाखवावे.

उंबरठा : मला ट्रॅक्शननेच गुण आला होता, एवढे नमूद करतो.

सुईदोरा : चाचणी गुरुवारी ठरली आहे. ट्रॅक्शन तूर्त थांबवले आहे.