पाचवीच्या मुलांची वजाबाकी: माझं काय चुकतंय?

सातारकर६४: एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. गुडघ्यांमुळे फार दगदग होत नाही, म्हणून शेजारची पाचवीतली चार मुलं आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर घरी शिकवतो. पैसे घेत नाही. पण एका मुलीची वजाबाकी सुधारण्याऐवजी बिघडली. ५२ − २७ चं उत्तर आधी ती ३५ काढायची, आता १५ काढते. कुठलं पुस्तक घेऊ?

पाढेप्रेमी: पुस्तक नको. तीसपर्यंत पाढे पाठ करून घ्या, सगळं आपोआप येईल.

रेवाची_आई: काका, पैसे नक्की घ्या, फुकटाची किंमत राहत नाही. आमच्या सासूबाईंना दुपारी सोबत करणारं कोणी मिळेल का हो तिकडे?

फळाखडू: ३२ वर्षं प्राथमिकला शिकवलं, म्हणून सांगते. दोन्ही उत्तरांमागे कारण आहे. ३५ यायचं कारण ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायची: सातातून दोन, पाचातून दोन. आता १५ कसं आलं? तुम्ही आपल्या वेळची रीत सांगितली असणार: 'बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन नि एक तीन.' शाळेत हल्ली वरचा एक दशक सुटा करतात, म्हणजे पाचाचे चार होतात. तिने वर चार केले, खाली तीनही केले. चारातून तीन, उरला एक. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण एकत्र आल्या की दहा जास्त वजा होतात.

तुमची रीत महिनाभर बाजूला ठेवा. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. तिच्यापुढे पाच गठ्ठे नि दोन सुट्या काड्या ठेवा आणि २७ मागा. गठ्ठा तिलाच सोडू द्या, तुम्ही हात लावू नका. मग वहीत लिहायला सांगा.

सातारकर६४: मॅडम, अगदी हेच झालं होतं! मी तिला हातचाच शिकवला होता. काल तिने स्वतः गठ्ठा सोडला आणि २५ म्हणाली. ३०० − १४८ ला मात्र अजून अडते. आणि पाढेप्रेमी, दुसऱ्या मुलाला सहाचा पाढा घडाघडा येतो, तरी ६१२ ÷ ६ चे तो १२ लिहितो.

पाढेप्रेमी: पाढ्याशिवाय भागाकार सुरूच होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

फळाखडू: ते खरंच. पण इथे शून्य गळलंय. काका, खेळातल्या नोटा घ्या: शंभराच्या सहा, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. सहा जणांत वाटायला सांगा. शंभराची एकेक मिळते. दहाची एकच नोट सहांत कशी वाटणार? कोणालाच मिळत नाही, म्हणून तिथे शून्य लिहायचं. मग ती मोडून बारा रुपये. ३०० ची अडचण हीच, तिथे शंभर मोडून आधी दहाच्या नोटा कराव्या लागतात. त्याला वेळ लागतो, काही मुलांना दोन महिनेही.