‘सेटअप’ला प्रस्तावना म्हणावं का?

गोदाकाठ : नाशिकमधल्या कॉलेजच्या मुलांसाठी स्किट-लेखनाचं टिपण मराठीत करते आहे. त्यात ‘प्रस्तावना आटोपशीर ठेवा, पंच लवकर येऊ द्या’ असं लिहिलं होतं. मुलांनी निवेदकाचं बोलणं छाटलं आणि संवाद होते तसेच ठेवले! सेटअपला नेमका शब्द कोणता?

पंचवटीकर : मुलांचं बरोबर आहे. संस्कृत नाटकात प्रस्तावना म्हणजे सूत्रधार-नटीचं बोलणं. भासाच्या नाटकांत त्यालाच ‘स्थापना’ म्हटलंय. तोच शब्द घ्या.

रंगपट : स्थापना म्हटलं की गणपती बसतो. ‘पेरणी’ म्हणा. पण काय छाटायचं ते टिपणात आहे का? उतारा टाका.

गोदाकाठ : हा घ्या.

वेटर : या साहेब. कुठून आलात?
गिऱ्हाईक : पुण्याहून. नाशिकची मिसळ खायची फार इच्छा होती.
वेटर : बरं केलंत. तर्री वाढवू?
गिऱ्हाईक : नको, सोसत नाही. फार तिखट आहे का?
वेटर : छे, अगदी सौम्य.
गिऱ्हाईक : मग त्या काकांच्या डोळ्यांत पाणी का?
वेटर : तिखटामुळे नाही हो. मी त्यांना आत्ताच बिल आणून दिलं ना.

रंगपट : पहिल्या तीन ओळी काढा, पुणं आणि इच्छा पुढे कुठेच लागत नाहीत. काका सुरुवातीपासून डोळे पुसत बसू द्या आणि थेट ‘फार तिखट आहे का?’वर या. शेवटची ओळ जास्त बिघडलीय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘बिल’ मधेच अडकलं. लोक तिथे हसायला लागतात आणि वेटर ‘आणून दिलं ना’ म्हणतोय म्हणून ते हसू आवरतात. असं करा : ‘तिखटाचं नाही, साहेब. बिलाचं.’

मिसळप्रेमी : मग ‘सौम्य’ही उडवा, आणखी दोन सेकंद वाचतील. तसंही नाशिकची मिसळ सौम्य नसतेच.

रंगपट : ती ओळ काढून वाचा. पुढचा ‘मग’ लटकतो. वेटर सौम्य म्हणतोय आणि काका रडताहेत, हा विरोध गेला तर प्रश्नाला जोरच नाही. आणि काकांच्या हातात बिलाचा कागद आधी दिसू देऊ नका, पंच तिथेच फुटेल.

सातपूरचा शाम : माझ्या स्किटमध्ये पात्रं सहा आहेत, ओळखीतच दीड पान जातं. चालेल ना?

रंगपट : त्या दीड पानात अधूनमधून हशे असतील तर चालेल. नसतील तर ज्याच्यावर पंच आहे त्याचीच ओळख ठेवा.

पंचवटीकर : ‘पंच फुटेल’ ही काय भाषा? कलाटणी म्हणा.

मिसळप्रेमी : कलाटणी कथेला मिळते. तालमीत कोणी ‘कलाटणी लवकर घे’ म्हणत नाही.

पंचवटीकर : म्हणत नाहीत म्हणून लिहायचंही नाही?

गोदाकाठ : तूर्त ‘पेरणी’ लिहिते.

पंचवटीकर : पेरतात ते वाढायला, तुम्हाला तर छाटायचंय. ‘स्थापना’च घ्या.