मदत हवी आहे: दुसरं पद मिळवलं की उत्तर आणखीच चुकतं

केटीवाला_भांडुप: परवा पेपर आहे, पटकन सांगा. बहुपदी काढायचीये. सगळे डेरिव्हेटिव्ह बिंदूवर जुळवले, तीनदा तपासले. तरी वर्गाचं पद मिळवलं की उत्तर नुसत्या सरळ रेषेपेक्षा वाईट. का?

निवांत: फंक्शन कुठलं, बिंदू कुठला, आकडे काय? मनकवडे नाही आहोत.

केटीवाला_भांडुप: सॉरी, लोकलमधून टाइप करतोय. √x, 9 पाशी, √10 साठी. किंमत 3, पहिलं डेरिव्हेटिव्ह 1/6, दुसरं −1/108. रेषेने 3.1667 येतं, वर्गाच्या पदासकट 3.1574. खरं 3.1623.

घाटकोपरचे_काका: पदं कमी पडतायत. पाच-सहा घ्या, बसेल.

सुलभाताई: √10 ला एवढा खटाटोप? आम्ही शाळेत दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून भागाकाराने काढायचो.

निवांत: ताई, त्याला पद्धत शिकायचीये. काका, चुकीची पदं वाढवून काय होणार? भांडुप, तू −1/108 तसंच सहगुणक म्हणून ठेवलंस ना? c(x−9)² चं दोनदा डेरिव्हेटिव्ह घे. 2c उरतं. ते −1/108 हवं, म्हणजे c = −1/216. तू वाक दुप्पट दिलास, म्हणून रेषा जेवढी वर होती साधारण तेवढाच तू खाली गेलास.

केटीवाला_भांडुप: 3.16204! आणि घनाला 6 ने भागायचं? 1/648 चं 1/3888 होतं, उत्तर 3.16229. अरे यार, दोन दिवस गेले.

घाटकोपरचे_काका: बघा, पद वाढवलं की सुधारलं. मी तेच म्हणत होतो.

केटीवाला_भांडुप: मग √20 पण यातूनच काढू?

घाटकोपरचे_काका: हो, फक्त पदं जास्त.

निवांत: नको! √x ला 0 पाशी डेरिव्हेटिव्हच नाही. 9 पासून 0 नऊवर आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूलाही नऊच्या पलीकडे ही बहुपदी भरवशाची नाही, आणि 20 अकरावर आहे. फसायला होतं कारण आठव्या घातापर्यंत पदं लहान होत जातात. नवव्यापासून पुन्हा वाढतात. 16 पाशी नव्याने जुळव: 4 + 4/8 − 16/512 = 4.46875. खरं 4.4721.

घाटकोपरचे_काका: आठ पदं हाताने कोण काढतं? तिथेच थांबायचं. व्यवहारात चालतं.

निवांत: आठ पदांचं काढून दाखवा, मग बोलू.

केटीवाला_भांडुप: तुम्ही भांडा, मी उतरतो. पण पेपरात बिंदू दिला नसेल तर 16 घ्यायचा की 25?

सुलभाताई: दादरला बारावीच्या गणिताचा चांगला क्लास कुणाला माहीत आहे का? नातीसाठी हवाय.