मदत हवी आहे: अप्रेझलआधी सहकाऱ्यांकडून खरं मत कसं काढून घ्यावं?

निशिगंध: नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे. सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म 20 मार्चपर्यंत भरायचाय, 25 ला मॅनेजरसोबत बैठक आहे. गेल्या वर्षी त्या बैठकीतच मला पहिल्यांदा कळलं की डेव्हलपर माझ्या बग रिपोर्टना वैतागतात. रोज एकत्र डबा खातो आम्ही, पण मला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. फार लागलं ते.

म्हणून यंदा आधीच विचारलं. टीमच्या ग्रुपवर टाकलं, "अप्रेझल जवळ आलंय, माझ्याबद्दल काही फीडबॅक असेल तर प्लीज लवकर कळवा." दोन अंगठे आले आणि एक "मस्त काम करतेस गं". बाकी सगळे गप्प. आज 9 तारीख. आता काय करू?

काळा_चहा: गुगल फॉर्म कर आणि ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद ठेव. नाव नसेल तर लोक खरं लिहितात.

विसूनाना: आमच्या बँकेत साहेबच गोपनीय अहवाल लिहायचे, सहकाऱ्यांना कोण विचारतंय! पगारवाढ हवी असेल तर वर्षभरात काय काय केलंस त्याची यादी तयार ठेव, बाई.

निशिगंध: नाना, यादी तयार आहे. मला माझं कुठे चुकतं ते हवंय.

सांजवारा: मी बारा वर्षं टीम सांभाळतेय. निनावी फॉर्म वीस जणांत चालतो. तू चौघांना विचारणार, तिथे कोण कसं लिहितं ते लगेच ओळखू येतं, आणि ते लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. शिवाय "रिपोर्ट अपुरे असतात" असं आलं तर "कोणता रिपोर्ट?" हे विचारणार कुणाला?

तुझ्या मेसेजचं म्हणशील तर तो ग्रुपवर गेला, तिथे चारचौघांत तुझी चूक कोण काढेल? "काही फीडबॅक असेल तर" म्हटलं की "काही नाही" म्हणून सुटता येतं. आणि "लवकर" म्हणजे कधी, ते कुणालाच कळत नाही.

तुझं काम ज्यांच्या हातात जातं असे तीन-चार जण निवड आणि प्रत्येकाला वेगळं विचार, त्यांनी स्वतः पाहिलेल्या कामाबद्दल. कोणता रिपोर्ट नडला होता, आठवतंय?

निशिगंध: हो. जानेवारीच्या रिलीजमध्ये मी नुसतं "पेमेंट होत नाही" असं लिहून बग टाकला होता. त्या डेव्हलपरने तीनदा विचारलं, कोणता फोन, कोणतं कार्ड, रक्कम किती. शेवटी तो माझ्या टेबलाशी आला. फक्त जुन्या अँड्रॉइडवर, ओटीपीच्या पानावरून मागे गेलं तरच अडकत होतं. अर्धा दिवस गेला त्याचा.

सांजवारा: मग त्याला हेच लिही:

"जानेवारीतला पेमेंटचा बग आठवतोय? माझ्या रिपोर्टमध्ये माहिती कमी होती, तुझा अर्धा दिवस गेला. दोन गोष्टी विचारायच्यात. त्यानंतरच्या माझ्या रिपोर्टमध्ये तुला अजून काय शोधत बसावं लागतं? आणि माझी कोणती एक सवय बदलली तर तुझं काम सोपं होईल? दोन-चार ओळी पुरेत, शुक्रवारी 13 ला संध्याकाळपर्यंत. लिहायचा कंटाळा असेल तर चहाला बोलू. घाईत असशील तर राहू दे, राग नाही."

स्वतःची चूक आधी तूच सांगितलीस की त्याचा संकोच जातो. 13 तारीख अशासाठी की फॉर्मच्या आधी आठवडाभर हातात राहतो. बुधवारी एकदा सहज आठवण कर, पुन्हा नको. उत्तर आल्यावर बचाव करू नकोस. "एखादं उदाहरण सांगशील?" एवढंच विचार.

काळा_चहा: ओळखू येण्याचा मुद्दा पटला. पण त्यांचंही अप्रेझल याच महिन्यात असणार. एकाच मॅनेजरकडे रेटिंग वाटून घ्यायचं असेल तर लेखी कोण देईल?

सांजवारा: ती अडचण खरी आहे, म्हणूनच चहाचा पर्याय ठेवला. तरीही काही जण हातचं राखूनच बोलतील.

निशिगंध: काल तिघा डेव्हलपरना आणि सपोर्टच्या ताईंना वेगवेगळे मेसेज केले. पेमेंटवाल्याने तासाभरात फोनच केला. म्हणाला, आता माहिती पूर्ण असते, पण मी प्रत्येक बगला "हाय" प्रायॉरिटी लावते, त्यामुळे खरा तातडीचा कोणता ते त्याला कळत नाही. मी उदाहरण मागितलं तर त्याने रिलीजच्या आदल्या रात्रीचे दोन बग सांगितले, एक बटणाच्या रंगाचा आणि एक चुकीच्या बेरजेचा. दोन्हींना मी "हाय" लावलं होतं. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

सपोर्टच्या ताईंनी "सगळं छान" एवढंच लिहिलंय. त्यांना पुन्हा विचारावं का? आणि प्रायॉरिटीचं हे फॉर्ममध्ये मी स्वतःहून लिहावं, की मॅनेजरच्या हाती आयतं कोलीत दिल्यासारखं होईल?

सांजवारा: ताईंना पुन्हा नको, त्यांनी उत्तर दिलंय. प्रायॉरिटीचं मी तरी लिहीन, पण आजपासून काय बदललंस तेही सोबत लिही.

विसूनाना: मी नाही लिहिणार. कागदावर आलेलं पुढच्या वर्षीही वाचतात.