प्रतिसाद: झेल की शफालीचं षटक?

> नेरूळच्या महिला विश्वचषक फायनलचा सारांश सोसायटीच्या अंकासाठी लिहितोय. टर्निंग पॉइंट म्हणून अमनजोतचा झेल लिहिला तर चालेल ना?

झेल घ्याच, पण टर्निंग पॉइंट तो नव्हे. गडी कितीव्या धावेवर पडले ते धावफलकात बघा. दोनदा हातातून उडालेला चेंडू अमनजोतने पकडला तेव्हा वोल्वार्ड १०१ वर होती आणि द. आफ्रिका ७ बाद २२०. पाठलाग २९९ चा, म्हणजे सामना आधीच झुकला होता. झेलाने फक्त शेवटची आशा संपवली.

खरी कलाटणी २१ व्या षटकात. २ बाद ११४ अशी छान बसलेली जोडी शफालीने स्वतःच्याच गोलंदाजीवर लूसचा झेल घेऊन फोडली, लगेच कापलाही बाद केलं. ४ बाद १२३! शफालीला चेंडू देणं हा हरमनचा जुगारच होता.

निकाल असा: भारत ७ बाद २९८, द. आफ्रिका सर्वबाद २४६, भारत ५२ धावांनी विजयी. शफाली ८७ धावा, २ बळी; दीप्ती ५८ धावा, ५ बळी. सामनावीर शफाली, दीप्ती मालिकावीर. ही अदलाबदल हमखास होते, छापायच्या आधी एकदा तपासा.