मदत हवी आहे: वादविवादात समोरच्याच्या भाषणात मधेच उठून विचारायचा प्रश्न, म्हणजे पीओआय, पंधरा सेकंदांत कसा बसवायचा?

ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीच्या वादविवादात मी क्लोझिंग अपोझिशनला, म्हणजे विरोधी बाजूच्या दुसऱ्या जोडीत असतो. सात मिनिटांच्या भाषणात पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून उभं राहता येतं, पण माझा प्रश्न दरवेळी छोटं भाषणच होतो. परवा विषय होता शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी. मी उभा राहिलो आणि सुरू केलं, "तुम्ही म्हणता बस वाढवू, पण बस घ्यायला वेळ लागतो, निविदा निघतात, शिवाय..." तेवढ्यात वक्त्याने हाताने खाली बसवलं. खरा प्रश्न तोंडातच राहिला!

घरी येऊन तो असा छाटला: "बंदी उद्यापासून, बस दोन वर्षांनी, मधल्या काळात लोकांनी जायचं कसं?" यात त्यांचीच दोन विधानं एकमेकांवर आदळतात. "प्रश्न पुढे घेतो" म्हणून टाळलं तरी पंचांना फट दिसते. पण हे घरी सुचतं, तिथे उभ्याउभ्या नाही.

दुसरी अडचण म्हणजे, हाच माझा नवा मुद्दा असेल आणि मी तो पंतप्रधानांच्या, म्हणजे सरकारी बाजूच्या पहिल्या वक्त्याच्या भाषणातच विचारला, तर लगेच नंतर बोलणारा आमच्या बाजूच्या पहिल्या जोडीतला विरोधी पक्षनेता तो उचलतो. मग आम्हाला उरतं काय? आणि गप्प बसलो, तर आमचं भाषण येईपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ पंचांना आम्ही दिसतच नाही. तुम्ही अशा वेळी काय राखून ठेवता, आणि कुणाच्या भाषणात उभे राहता?