प्रतिसाद: दिवाळीआधी रंगकाम आणि साफसफाई

> "दोन खोल्यांचा रंग आणि साफसफाई एकदमच होईल का? एका भिंतीला ओल आहे, तीही त्यात धरता का?"

होईल. आम्ही हेच काम करतो. दोन खोल्यांना चार दिवस धरा: खरवडणं आणि पुट्टी, मग घासून प्रायमर, मग रंगाचे दोन हात. साफसफाई शेवटच्या दिवशी, कारण पुट्टी घासल्यावर पांढरी धूळ पार कपाटाच्या आतपर्यंत जाते. पंखे, जाळ्या, खिडक्या, फरशी त्यात आलं. कपाटं आतून रिकामी करणं तुमच्याकडे.

ओल मात्र यात नाही. पावसाळ्यात मुरलेलं पाणी भिंतीत असताना रंग दिला, तर फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. त्या भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर ती भिंत यंदा सोडा. आम्ही तिचे पैसे लावत नाही. आधी गळती शोधायला हवी, आणि ते प्लंबरचं काम.

दसऱ्यानंतरचे स्लॉट सकाळी नऊपासून आहेत. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात नवीन काम सुरू करत नाही. घाईत पुट्टी ओली राहते.